व्हिडिओ आपला, चॅनल दुसऱ्याचं: नक्कल कशी सिद्ध करायची आणि तक्रारीचा माग कुठे ठेवायचा

गोव्यात चवथ आली की यूट्यूबवर घुमट आरत्यांचे, म्हणजे घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांचे, व्हिडिओ येऊ लागतात. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे, जिथे म्हणाल तिथली मुलं मोबाइल आणि एखादा बरा माइक घेऊन मखरासमोर उभी असतात, रात्री जागून एडिटिंग करतात आणि व्हिडिओ टाकतात. दोन दिवसांत तोच व्हिडिओ एखाद्या अनोळखी चॅनलवर दिसतो. मग मित्रांच्या ग्रुपवर लिंक फिरते, ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा’ असा निरोप जातो, सगळे रिपोर्ट मारतात, आणि तो व्हिडिओ जिथल्या तिथे राहतो. यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की यूट्यूब छोट्या माणसाचं ऐकतच नाही.

हा समज चुकीचा आहे. तक्रार वेगळ्याच खात्यात गेलेली असते.

व्हिडिओखाली जे Report बटण असतं ते यूट्यूबच्या सार्वजनिक नियमांसाठी आहे. हिंसा, अश्लीलता, फसवणूक, द्वेष पसरवणारा मजकूर, अशा गोष्टी कोणीही तिथून कळवू शकतो. कॉपीराइट ही मात्र मालकीची बाब आहे, आणि मालकीची तक्रार फक्त मालक किंवा त्याने अधिकार दिलेला माणूसच करू शकतो. त्यामुळे मित्रांनी मारलेले रिपोर्ट कॉपीराइटच्या तक्रारीत मोजले जात नाहीत. ते कुठे गेले हे पाहायचं असेल तर प्रत्येकाने आपापल्या खात्यातून youtube.com/reporthistory उघडावं. आपण रिपोर्ट केलेले व्हिडिओ तिथे दिसतात आणि प्रत्येकासमोर त्याची स्थिती असते. Live असेल तर एक तर अजून तपासणी झालेली नाही, किंवा तपासून नियमभंग आढळलेला नाही. Removed म्हणजे काढला, Restricted म्हणजे काही मर्यादा घातली. चोरलेल्या आरतीच्या व्हिडिओसमोर Live असंच दिसत राहणार, कारण आरतीत हिंसाही नाही आणि अश्लीलताही नाही. तो रिपोर्ट आपल्या उपयोगाचा नाही.

आता योग्य वाट पाहू. त्यासाठी एक उदाहरण धरू. ते समजण्यापुरतं बेतलेलं आहे, पण नियम आणि मुदती खऱ्या आहेत.

२०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. डिचोली तालुक्यातल्या एका मुलाने तिसऱ्या दिवशी, २९ ऑगस्टला, आपल्या वाड्यावरच्या मंडळाची आरती रेकॉर्ड केली आणि त्याच रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी व्हिडिओ टाकला. १ सप्टेंबरला मावसभावाने त्याला दुसऱ्या एका चॅनलची लिंक पाठवली. तीच आरती, पण वर-खाली कापलेली, कोपऱ्यात दुसराच लोगो, शीर्षकही बदललेलं.

राग येतो तेव्हा हात आधी तक्रारीच्या फॉर्मकडे जातो. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत. हे आपलंच रेकॉर्डिंग आहे का? आणि ते आधी आपण टाकलं का?

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घुमट आरतीला एकाच वेळी चार-पाच मोबाइल चालू असतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तीच आरती स्वतःच्या मोबाइलवर घेतली असेल, तर त्याचा व्हिडिओ ही तुमच्या व्हिडिओची नक्कल नव्हे. आरती तीच, घुमट-शामेळ-कासाळे तेच, गाणारे तेच, तरी रेकॉर्डिंग त्याचं. तेव्हा दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून, विषय विसरून, अपघाताने घडलेल्या गोष्टी बघायच्या. तुमच्या कॅमेऱ्यासमोरून ज्या क्षणी कोणाचं डोकं गेलं, त्याच क्षणी तिथेही गेलं का? तुमचा हात हलला तिथे ते चित्रही हललं का? समईची ज्योत मखराच्या नेमक्या त्याच नक्षीवर दिसते का? पावलाएवढा जरी कोन बदलला तरी समोरची वस्तू आणि मागची भिंत यांची जुळणी बदलते. व्हिडिओ कापून किंवा मोठा करून ती बदलता येत नाही. आवाजातही हेच. तुमच्या माइकजवळ कोणी खोकलं असेल आणि तो खोकला तिकडेही तेवढाच जवळून ऐकू येत असेल, तर शंका उरत नाही. तुम्ही एडिटिंगमध्ये जिथे तुकडा जोडला होता तो सांधा तिकडेही त्याच जागी सापडला, तर तो सगळ्यात भक्कम पुरावा, कारण तो सांधा प्रत्यक्ष आरतीत नव्हताच, तो तुमच्या संगणकावर तयार झाला.

अशा तीन-चार जागा मिनिट-सेकंदासह लिहून ठेवाव्यात. आपल्या व्हिडिओत २:१४, त्यांच्यात २:०९, असं. दोहोंतला फरक सगळीकडे सारखा पाच सेकंदांचा निघाला, तर त्यांनी फक्त सुरुवात कापली आहे हे उघड होतं. फरक हळूहळू वाढत किंवा कमी होत गेला, तर वेग बदललेला असतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. यूट्यूबवर व्हिडिओखाली फक्त तारीख दिसते, आणि एका रात्रीत घडलेल्या चोरीत तारखेचा फारसा उपयोग होत नाही. संगणकावर व्हिडिओचं पान उघडून Ctrl+U दाबलं की पानाचा मूळ मजकूर उघडतो. त्यात uploadDate हा शब्द शोधावा. आपल्या उदाहरणात मूळ व्हिडिओसाठी असं दिसेल:

```
"uploadDate":"2025-08-29T09:10:00-07:00"
```

शेवटचा -07:00 हा भाग सांगतो की ही वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची आहे. तिथल्या उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेबारा तास पुढे असतो, म्हणून सकाळचे ९:१० म्हणजे आपल्याकडे त्याच रात्रीचे ९:४०. हिवाळ्यात तिथे -08:00 दिसतं आणि फरक साडेतेरा तासांचा होतो. नकललेल्या व्हिडिओत समजा ३० ऑगस्ट, दुपारी १२:०५ असं दिसलं, तर ते आपल्याकडचे ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतरचे १२:३५ झाले. म्हणजे नक्कल मूळ व्हिडिओनंतर जवळजवळ सत्तावीस तासांनी आली. हा हिशोब न करता एकाने भारतीय तारीख आणि दुसऱ्याने अमेरिकन तारीख धरली, की वाद उगाच चिघळतो.

वेळ हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हेही इथेच सांगायला हवं. कोणी तुमचा व्हिडिओ फेसबुकवरून उचलून यूट्यूबवर तुमच्याआधी टाकला असेल, तर यूट्यूबच्या हिशोबी तोच पहिला ठरतो. अशा वेळी मोबाइलमधली मूळ फाइल, न कापलेलं पूर्ण रेकॉर्डिंग, तुमच्या बाजूने बोलतं. व्हिडिओ टाकून झाला की मूळ फाइल पुसून जागा मोकळी करण्याची सवय म्हणूनच महागात पडते.

हे सगळं डोळ्यांनी शोधत बसायची गरज दर वेळी नसते. यूट्यूब स्टुडिओत डाव्या बाजूला Copyright किंवा नव्या मांडणीत Content detection असं लिहिलेलं असतं. ज्यांचं चॅनल कमाईच्या भागीदारी कार्यक्रमात आहे, किंवा ज्यांनी पूर्वी एखादी वैध कॉपीराइट तक्रार केलेली आहे, त्यांना तिथे Matches हा भाग मिळतो. तुम्ही व्हिडिओ टाकल्यानंतर दुसऱ्या चॅनलवर आलेले त्याच्यासारखे व्हिडिओ यूट्यूब स्वतः शोधून तिथे दाखवतं. किती भाग जुळतो, किती जणांनी पाहिला, कधी टाकला, हेही सांगतं. पण ही सोय पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण नकला शोधण्यासाठी बनवलेली आहे. वीस सेकंदांचा तुकडा काढून केलेला शॉर्ट, आरशासारखं उलटं केलेलं चित्र, वेग वाढवलेला आवाज, हे तिच्या नजरेतून निसटू शकतं. फेसबुक, इन्स्टाग्रामवरचं तर तिला दिसतच नाही. यादी रिकामी आहे म्हणून नक्कल झालेली नाही, असं समजू नये. उलटही खरं: यादीत आलेला प्रत्येक व्हिडिओ चोरीचा नसतो. तुम्हीच मंडळाला त्यांच्या चॅनलवर टाकायला दिलेला व्हिडिओही तिथे येईल. तो Archive करून बाजूला ठेवायचा.

तक्रार करण्याआधी आणखी एक गाठ सोडवावी लागते, आणि गोव्यात ती वारंवार पडते. रेकॉर्डिंगचे हक्क नक्की कोणाचे? पारंपरिक आरतीचे शब्द आणि चाल कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही, पण त्या आरतीचं जे रेकॉर्डिंग तुम्ही केलं त्यावर स्वतंत्र हक्क असतो, आणि भारतात तो नोंदणी न करताही मिळतो. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्रफीत केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. म्हणजे मंडळाने तुम्हाला पैसे देऊन शूटिंग करायला बोलावलं असेल, तर कागदावर काही नसताना मालक मंडळ आहे, तुम्ही नाही. तक्रार मंडळाने करावी, किंवा मंडळाने तुम्हाला तसा अधिकार लेखी द्यावा. स्वतःहून, पैसे न घेता रेकॉर्डिंग केलं असेल तर हा प्रश्न येत नाही. लग्नाचे आणि जत्रांचे व्हिडिओ करणाऱ्यांनी तर दोन ओळींचा करार आधीच करून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

समोरच्याने काय केलं आहे तेही पाहावं. चवथीवरच्या बातमीत तुमच्या व्हिडिओचे काही सेकंद दाखवले, किंवा घुमटवादनाच्या पद्धतीवर टीका-चर्चा करताना छोटा तुकडा घेतला, तर कलम ५२ खाली तो रास्त वापर ठरू शकतो. आपल्या उदाहरणातल्या चॅनलने अख्खी आरती उचलून लोगो लावला आहे, तिथे हा बचाव टिकत नाही.

आता प्रत्यक्ष तक्रार. ती करण्याआधी पुरावा साठवायचा, कारण व्हिडिओ एकदा निघाला की तुम्हालाही तो दिसत नाही. पानाचे स्क्रीनशॉट, व्हिडिओची लिंक, आणि चॅनलचा UC ने सुरू होणारा ओळख क्रमांक. चॅनलचं नाव आणि @ ने सुरू होणारं हँडल मालकाला बदलता येतं. UC चा क्रमांक मात्र तोच राहतो. चॅनलच्या माहितीत शेअर करण्याच्या पर्यायांत तो कॉपी करून मिळतो.

स्टुडिओत त्याच पानावरून व्हिडिओ काढण्याची विनंती करता येते. आपला मूळ व्हिडिओ कुठला, नकललेला कुठला, पूर्ण घेतला की ठरावीक भाग, मालकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, आणि शेवटी सही म्हणून आपलं पूर्ण कायदेशीर नाव. मालक म्हणून जे नाव लिहाल ते, व्हिडिओ निघाल्यावर त्याच्या जागी सगळ्यांना दिसू शकतं, आणि तुमचा ईमेल समोरच्याला कळू शकतो. लहान गावात हे माहीत असून करावं. तक्रार एकेका व्हिडिओवर असते. ‘हे अख्खं चॅनल काढा’ असं लिहून भागत नाही. याच व्हिडिओच्या पुढच्या नकला रोखण्याचा एक पर्यायही तिथे असतो, तो निवडावा.

वेळेबाबत दोन पर्याय मिळतात: ताबडतोब, किंवा सात दिवसांची सूचना. सात दिवसांत समोरच्याने स्वतःहून व्हिडिओ काढला तर त्याच्या चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, लागत नाही. ओळखीतल्या, नकळत चूक केलेल्या माणसासाठी हा चांगला मार्ग आहे. पण सणाच्या व्हिडिओसाठी मी ताबडतोबचा पर्याय सुचवेन. घुमट आरती लोक ऐकतात ती चवथीच्या दिवसांत; सात दिवस थांबलात तर गणपती पोचवून झालेले असतात आणि जे काही बघणारे होते ते नक्कल पाहून गेलेले असतात. आपल्या मुलानेही १ सप्टेंबरला हाच पर्याय निवडला असं धरू.

इथून पुढे माग ठेवायचा तो Removal requests या भागात. केलेली प्रत्येक विनंती, तिच्यातले व्हिडिओ, तारीख आणि सध्याची स्थिती तिथे दिसते. एकाच विनंतीत तीन व्हिडिओ असतील तर दोन निघाले आणि एक राहिला असंही होतं, म्हणून विनंती उघडून आतलं एकेक पाहावं. सगळ्यात जास्त तक्रारी अडकतात त्या ईमेलमध्ये. माहिती अपुरी वाटली तर यूट्यूब मेल पाठवून विचारतं: मूळ काम कोणतं, तुमचं त्याच्याशी नातं काय. तो मेल स्पॅममध्ये पडून राहतो आणि माणूस महिनाभर वाट बघत बसतो. उत्तर त्याच मेलला द्यावं, नवी तक्रार करू नये. नव्या तक्रारीने जुनीचा धागा तुटतो. आधी लिहून ठेवलेल्या मिनिट-सेकंदाच्या जोड्या इथे उपयोगी पडतात.

व्हिडिओ निघाला की समोरच्या चॅनलला स्ट्राइक लागते. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनल बंद होऊ शकतं, त्यामुळे तो गप्प बसेलच असं नाही. त्याला उलट नोटीस देण्याचा हक्क आहे, आणि ती आली की ती तुम्हाला ईमेलने पाठवली जाते. आपल्या उदाहरणात त्याने लिहिलं, ‘आरती पारंपरिक आहे, तिच्यावर कोणाचाही हक्क नाही’, आणि ही नोटीस मुलाला सोमवारी १५ सप्टेंबरला मिळाली. युक्तिवाद चुकीचा आहे, कारण वाद आरतीचा नसून रेकॉर्डिंगचा आहे. पण यूट्यूब न्यायाधीश होत नाही. ते एवढंच विचारतं की तुम्ही न्यायालयात गेलात का, आणि त्याचा पुरावा देण्यासाठी अमेरिकेतले कामाचे १० दिवस देतं. १६ सप्टेंबरपासून मोजलं, शनिवार-रविवार सोडले, की ही मुदत २९ सप्टेंबरला संपते. आपल्याकडच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. या मुदतीत दावा दाखल केल्याचा पुरावा गेला नाही, तर व्हिडिओ पुन्हा सुरू होऊ शकतो आणि स्ट्राइकही जाते. ‘यूट्यूबने आधी काढला आणि मग परत लावला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेकदा हा न उघडलेला मेल असतो.

दावा करायचाच झाला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे तो आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो. समोरचा दिल्लीचा असला तरी डिचोलीच्या माणसाला उत्तर गोव्यातच दाद मागता येते. भारतीय कायद्याची स्वतःची मुदतही आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम म्हणतो की मालकाची लेखी तक्रार पटल्यास यूट्यूबसारख्या मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत तो मजकूर रोखावा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या नकलेसाठी तिथे वेगळी तक्रार करावी लागते, यूट्यूबची तिकडे चालत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी अशा तक्रारींना स्वतंत्र तिकीट क्रमांक द्यायचा असतो. तो जपून ठेवावा. पुढचा सगळा पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो.

बरीच प्रकरणं मात्र न्यायालयापर्यंत जात नाहीत. समोरचा माणूस फोन किंवा मेल करतो, चूक कबूल करतो, स्ट्राइक काढण्याची विनंती करतो. तडजोड झाली तर विनंती मागे घेता येते, तीही त्याच Removal requests भागातून. मात्र आधी त्याने बाकीच्या नकला काढल्या आहेत ना, हे त्याच्या UC क्रमांकावरून चॅनल उघडून पाहावं, कारण विनंती मागे घेतली की त्या व्हिडिओची स्ट्राइक जाते आणि त्याने स्वतः काढलेला नसेल तर तो व्हिडिओ पुन्हा दिसू शकतो.